जूनचा गल्ला खरंच वाढला का? गेल्या वर्षाशी तुलना करण्याआधी वार मोजा

एका मालकाची मुंबईत दोन उपाहारगृहं आहेत. एक फोर्टमध्ये, जिथे दुपारी ऑफिसचे लोक जेवायला येतात. दुसरं दादरला स्टेशनजवळ, जिथे खरेदीला आलेली कुटुंबं संध्याकाळी टेकतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मॅनेजरने हिशोब समोर ठेवला : जून २०२४ च्या तुलनेत जून २०२५ मध्ये फोर्टची विक्री ३ टक्क्यांनी वाढली, दादरची दीड टक्क्याने घटली. मालक साहजिकच म्हणतो, ‘‘फोर्टला एक माणूस वाढवा, दादरचा एक कमी करा.’’

दोन्ही आकडे बरोबर आहेत, बेरजेत चूक नाही. तरीही दोन्ही निर्णयांना त्या आकड्यांचा आधार नाही, कारण जून २०२४ आणि जून २०२५ या दोन महिन्यांत शनिवार, सोमवार आणि सुट्ट्या वेगवेगळ्या पडल्या होत्या. या लेखात हेच उदाहरण शेवटापर्यंत सोडवून दाखवतो. विक्रीचे आकडे मी समजायला सोपे म्हणून मानलेले आहेत. कॅलेंडर मात्र अस्सल आहे, भिंतीवरच्या कालनिर्णयाशी ताडून पाहता येईल.

वार सरकतात म्हणजे नेमकं काय होतं

वर्षाचे ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस. त्या एका दिवसामुळे दर वर्षी तीच तारीख एक वार पुढे जाते. १ जून २०२४ ला शनिवार होता, १ जून २०२५ ला रविवार. मध्ये २९ फेब्रुवारी आली तर तारीख दोन वार पुढे जाते.

आता महिना घ्या. ३० दिवसांच्या महिन्यात प्रत्येक वार चार वेळा येतोच आणि दोन वार पाच वेळा येतात. ३१ दिवसांच्या महिन्यात तीन वार पाच वेळा येतात. जून २०२४ मध्ये शनिवार आणि रविवार पाच-पाच होते. जून २०२५ मध्ये रविवार आणि सोमवार पाच-पाच झाले. म्हणजे एक शनिवार गेला आणि त्याच्या जागी एक सोमवार आला. साध्या वर्षात एवढीच अदलाबदल होते, पण शनिवारी दुप्पट गर्दी असलेल्या दुकानाला ती पुरेशी असते. लीप वर्षात अदलाबदल दोन वारांची होते : मार्च २०२३ मध्ये शनिवार-रविवार मिळून आठ होते, मार्च २०२४ मध्ये दहा. आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यात कामाचे दोन दिवस असे गेले, आणि त्यातून होळी, महाशिवरात्री, गुड फ्रायडेही सोमवार-शुक्रवारीच आले.

यावर सुट्ट्यांचा थर चढतो. बकरी ईद दोन्ही वर्षी जूनमध्येच होती, त्यामुळे वरवर पाहता ती तुलनेत आड येऊ नये. पण २०२४ मध्ये ती १७ जूनला, सोमवारी आली आणि ऑफिसं बंद राहिली. २०२५ मध्ये ती ७ जूनला, शनिवारी आली. बहुतेक ऑफिसं त्या दिवशी तशीही बंद असतात. म्हणून सोमवार ते शुक्रवार कामाचे दिवस जून २०२४ मध्ये १९ आणि जून २०२५ मध्ये २१ झाले. शेअर बाजारही या दोन महिन्यांत अनुक्रमे १९ आणि २१ दिवसच चालला. फोर्टमध्ये थाळी विकणाऱ्याला हे दोन दिवस कष्टाविना मिळाले होते.

आधी रोजचा गल्ला गोळा करा

महिन्याच्या एकूण विक्रीवरून ही दुरुस्ती करता येत नाही, रोजचा आकडा लागतो. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून दोन्ही वर्षांच्या जूनचा दिवसवार गोषवारा काढा आणि एका शीटमध्ये A रकान्यात तारीख, B रकान्यात विक्री अशी मांडणी करा.

इथे दोन गोष्टी आधीच तपासायला हव्यात. पहिली, दिवस कधी संपतो. दादरसारख्या ठिकाणी शनिवारी रात्री साडेबाराला फाटलेलं बिल सॉफ्टवेअरने रविवारच्या तारखेत टाकलं असेल, तर शनिवार हलका आणि रविवार जड दिसतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये दिवस बंद करण्याची वेळ ठरवता येते; ती दोन्ही वर्षी एकच होती ना, हे पाहा. दुसरी, बंद दिवस. ठरलेल्या सुट्टीला दुकान बंद होतं आणि पाइप फुटल्यामुळे बंद होतं, हे दोन वेगळे प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकारात शून्य लिहू नका. शीट शून्याला खरी विक्री समजून सरासरीत धरते आणि त्या वाराची सरासरी उगाच खाली येते. तो रकाना रिकामा सोडा आणि शेजारी कारण लिहा.

दिवसाचा प्रकार दुकान ठरवतं, कॅलेंडर नाही

आता C रकान्यात प्रत्येक तारखेला प्रकार द्यायचा. चार पुरतात : कामाचा दिवस, शनिवार, रविवार, सुट्टी. पण शनिवारी सुट्टी आली तर तो शनिवार की सुट्टी? सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, आणि उत्तर दोन्ही शाखांसाठी वेगळं आहे. फोर्टची शाखा सार्वजनिक सुट्टीला आणि रविवारी बंद असते, म्हणून ७ जून २०२५ तिच्यासाठी सुट्टी. दादरची शाखा वर्षभर चालू असते आणि लोक त्या दिवशी शनिवारसारखेच बाहेर पडतात, म्हणून तिच्यासाठी तो शनिवार. सूत्रात फक्त क्रम बदलायचा. फोर्टसाठी आधी सुट्टी तपासा :

```
=IF(COUNTIF($H$2:$H$40,A2)>0,"सुट्टी",
 IF(WEEKDAY(A2,2)=7,"रवि",
 IF(WEEKDAY(A2,2)=6,"शनि","कामाचा")))
```

दादरसाठी आधी वार तपासा :

```
=IF(WEEKDAY(A2,2)=7,"रवि",
 IF(WEEKDAY(A2,2)=6,"शनि",
 IF(COUNTIF($H$2:$H$40,A2)>0,"सुट्टी","कामाचा")))
```

H रकान्यात सुट्ट्यांच्या तारखा. ही यादी राज्य शासनाच्या अधिसूचनेतून घ्या, पण वर्षाच्या सुरुवातीला निघालेल्या यादीवर थांबू नका. २०२४ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी मुंबईत १६ सप्टेंबरवरून १८ सप्टेंबरला गेली आणि २०२५ मध्ये ५ सप्टेंबरवरून ८ सप्टेंबरला, दोन्ही वेळा अनंत चतुर्दशीच्या विसर्जनामुळे. जुनी यादी तशीच ठेवली तर शीट भरल्या ऑफिसच्या दिवसाला सुट्टी म्हणेल आणि रिकाम्या दिवसाला कामाचा.

तुमचं गिऱ्हाईक बँकेतलं असेल तर शनिवारचेही दोन प्रकार करावे लागतील, कारण बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. या शनिवारांच्या तारखा नेहमी ८ ते १४ आणि २२ ते २८ या दरम्यान पडतात, त्यामुळे ओळखायला सोपं :

```
=AND(WEEKDAY(A2)=7,OR(AND(DAY(A2)>=8,DAY(A2)<=14),
 AND(DAY(A2)>=22,DAY(A2)<=28)))
```

मंत्रालयाच्या आसपासच्या धंद्याला हा भेद लागत नाही. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे.

मोजणी झाली की चित्र असं दिसतं :

| दिवसाचा प्रकार | फोर्ट, जून २०२४ | फोर्ट, जून २०२५ | दादर, जून २०२४ | दादर, जून २०२५ |
|---|---|---|---|---|
| कामाचा | १९ | २१ | १९ | २१ |
| शनिवार | ५ | ३ | ५ | ४ |
| रविवार | ५ | ५ | ५ | ५ |
| सुट्टी | १ | १ | १ | ० |

प्रत्येक रकान्याची बेरीज ३० यायलाच हवी. येत नसेल तर एखादी तारीख मजकूर म्हणून साठवली गेली आहे. सॉफ्टवेअरमधून उतरवलेल्या फाइलमध्ये हे फार वेळा होतं.

गेल्या वर्षीचे दर, या वर्षीचे दिवस

आता एकच प्रश्न विचारायचा : धंदा अजिबात बदलला नसता, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या दिवसाला गेल्या जूनइतकीच सरासरी विक्री झाली असती, तर या जूनच्या वारांनी किती गल्ला दिला असता? त्या आकड्याला अपेक्षित गल्ला म्हणू. खरी तुलना त्याच्याशी.

प्रकारवार सरासरी अशी निघते :

```
=AVERAGEIFS(B:B,C:C,"शनि",
 A:A,">="&DATE(2024,6,1),A:A,"<="&DATE(2024,6,30))
```

फोर्टची जून २०२४ ची सरासरी कामाच्या दिवसाला ६०,००० रुपये आणि शनिवारी २४,००० आली असं धरू. १९ दिवसांचे ११,४०,००० आणि पाच शनिवारांचे १,२०,००० मिळून १२,६०,०००. याच दरांनी जून २०२५ मांडा : २१ दिवसांचे १२,६०,००० आणि तीन शनिवारांचे ७२,०००, एकूण १३,३२,०००. म्हणजे एकही गिऱ्हाईक जास्त न जोडता, एकाही पदार्थाचा भाव न वाढवता, फोर्टला ५.७ टक्के वाढ नुसत्या वारांमुळे मिळणार होती. प्रत्यक्षात गल्ला आला १२,९८,०००. गेल्या जूनशी ताडलं तर ३ टक्के वर. अपेक्षित गल्ल्याशी ताडलं तर सुमारे २.६ टक्के खाली.

दादरला जून २०२४ मध्ये कामाच्या दिवसाला ४०,०००, शनिवारी ७०,०००, रविवारी ८०,००० आणि ईदच्या सोमवारी ६०,००० झाले. एकूण १५,७०,०००. जून २०२५ च्या वारांवर हेच दर लावले तर ८,४०,००० अधिक २,८०,००० अधिक ४,००,०००, म्हणजे १५,२०,०००. वारांनीच ३.२ टक्के कापले. प्रत्यक्ष गल्ला १५,४६,०००. गेल्या जूनपेक्षा दीड टक्का खाली, अपेक्षेपेक्षा १.७ टक्के वर.

दोन्ही शाखांचं चिन्ह उलटलं. आणि दोन्हींची बेरीज केली तर २८,३०,००० चे २८,४४,००० झाले, अर्धा टक्का वाढ, कोणाच्या नजरेत भरावं असं काहीच नाही. म्हणून ही दुरुस्ती शाखेगणिक करायची. फोर्टला कामाचा दिवस पोसतो आणि दादरला सुट्टीचा. दोघांना एकत्र केलं की एकाचा फायदा दुसऱ्याचा तोटा झाकतो.

रोज पैशांत गुणाकार करायचा नसेल तर वजनं वापरा. कामाच्या दिवसाला १ धरा. फोर्टचा शनिवार मग ०.४ आणि रविवार-सुट्टी ०. जून २०२४ चं वजन १९ अधिक ५ गुणिले ०.४, म्हणजे २१. जून २०२५ चं २१ अधिक ३ गुणिले ०.४, म्हणजे २२.२. दोहोंचा भागाकार १.०५७, तोच ५.७ टक्क्यांचा फरक. दादरची वजनं शनिवार १.७५, रविवार २, सुट्टी १.५, महिन्यांची वजनं ३९.२५ आणि ३८. हे फार सोयीचं पडतं, कारण एकदा वजनं ठरली की कुठल्याही महिन्याचा गल्ला वजनाने भागून थेट शेजारी ठेवता येतो.

वजनं कुठून घ्यायची

वर मी एकाच महिन्यातून वजनं काढली, ती फक्त पद्धत दिसावी म्हणून. प्रत्यक्षात पाच शनिवारांची सरासरी डळमळीत असते. त्यातला एक शनिवार लोकल बंद पडलेल्या पावसात गेला, की वजन घसरतं आणि पुढची सगळी तुलना त्याच्या मागे जाते. मी किमान आठ-दहा महिने घेतो, गणपती आणि दिवाळीचे आठवडे त्यातून वगळतो, प्रत्येक महिन्यासाठी ‘शनिवारची सरासरी भागिले कामाच्या दिवसाची सरासरी’ हे गुणोत्तर काढतो आणि त्या गुणोत्तरांमधलं मधलं मूल्य वापरतो. गुणोत्तर महिन्याच्या आतच काढल्यामुळे वर्षभरात भाव वाढले तरी त्याला धक्का लागत नाही.

सुट्टीचं वजन मात्र असं सरासरीने काढू नका. १ मे, १५ ऑगस्ट आणि धुळवड यांची गर्दी दादरलाही सारखी नसते. जमेल तेव्हा त्याच सुट्टीचा गेल्या वर्षीचा आकडा घ्या, आणि तोही ती कुठल्या वारी आली होती हे पाहूनच.

दिवसाचे चार प्रकार पुरतील की जास्त लागतील, हेही इथेच ठरतं. फोर्टचं उदाहरण पुन्हा पाहा. जून २०२४ मध्ये कामाचे सोमवार तीन होते, कारण चारपैकी तिसऱ्या सोमवारी ईद होती. जून २०२५ मध्ये सोमवार पाच. मंगळवार ते शुक्रवार दोन्ही वर्षी चार-चार. म्हणजे जास्तीचे दोन्ही कामाचे दिवस सोमवारच होते! काही ऑफिसांत आता सोमवारी आणि शुक्रवारी बरेच लोक घरून काम करतात. फोर्टचा सोमवार ६०,००० ऐवजी ५१,००० चा असेल, तर दोन सोमवारांनी १,२०,००० नाही, १,०२,००० आणायचे होते. गेलेल्या दोन शनिवारांचे ४८,००० वजा केले की अपेक्षित गल्ला १३,३२,००० वरून १३,१४,००० वर येतो आणि घट २.६ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर. तेव्हा सोमवार ते शुक्रवार एकाच पिशवीत टाकण्याआधी पाच वारांच्या सरासऱ्या शेजारी ठेवून पाहा. एखादा वार बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वेगळा वागत असेल तर त्याला स्वतःचा रकाना द्या. उगाच सातही वार सुटे केले तर मात्र प्रत्येक सरासरी चार-पाच दिवसांवर उभी राहते आणि पावसाचा एक दिवस ती पाडतो.

उत्तर पटतंय का, हे पाहण्याचा साधा मार्ग

मालकाला अपेक्षित गल्ला वगैरे सांगितलं की तो संशयाने बघतो, आणि ते योग्यच आहे. जो आकडा गल्ल्यात कधी आलाच नाही त्यावर त्याने का विश्वास ठेवावा? म्हणून त्याच्यापुढे प्रकारवार सरासऱ्या ठेवाव्यात. दादरचा कामाचा दिवस ४०,००० वरून ४१,००० झाला. शनिवार ७०,००० वरून ७१,२५०. रविवार ८०,००० वर होता तिथेच राहिला. एकही प्रकार खाली गेलेला नाही, तरी महिन्याची बेरीज २४,००० ने कमी आली, कारण एक शनिवार आणि एक सुट्टी जाऊन त्यांच्या जागी कामाचे दोन दिवस आले. हे त्याला लगेच पटतं. फोर्टला उलट : कामाचा दिवस ६०,००० वरून सुमारे ५८,७०० आणि शनिवार २४,००० वरून २२,०००. दोन्ही प्रकार खाली, तरी बेरीज वर.

प्रकारवार सरासऱ्या एका दिशेला आणि दुरुस्त केलेला एकूण आकडा दुसऱ्या दिशेला गेला, तर कुठेतरी मोजणी चुकली आहे असं समजा. बहुधा एखादी सुट्टी यादीतून सुटलेली असते.

पण यावरून मालकाला ‘फोर्टचा धंदा घटला’ असंही छातीठोकपणे सांगू नका. फोर्टचा रोजचा गल्ला सरासरीच्या आसपास पाच-सहा हजारांनी खालीवर होत असेल, तर वीसेक दिवसांच्या दोन सरासऱ्यांमध्ये दोन-तीन टक्क्यांचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. वारांचा ५.७ टक्क्यांचा परिणाम मात्र योगायोग नाही, तो कॅलेंडरवर मोजून दाखवता येतो. तेव्हा प्रामाणिक उत्तर एवढंच : फोर्टमध्ये वाढ झाल्याचा पुरावा नाही, दादरमध्ये घट झाल्याचा पुरावा नाही, आणि माणूस इकडून तिकडे हलवायचा असेल तर आणखी दोन-तीन महिन्यांचे दुरुस्त आकडे पाहावेत.

३६४ दिवस मागे जाण्याची युक्ती

वजनांची कटकट टाळण्यासाठी काही जण तारखेऐवजी वार जुळवतात : आजच्या दिवसाची तुलना ३६४ दिवसांपूर्वीच्या दिवसाशी. सोमवार, २ जून २०२५ समोर सोमवार, ३ जून २०२४ येतो. सूत्रात फक्त `=A2-364`. रोजच्या आणि आठवड्याच्या तुलनेसाठी मी हीच पद्धत सुचवेन, ती चटकन होते आणि शनिवारसमोर नेहमी शनिवारच येतो.

तिची मर्यादा आपल्याच उदाहरणात दिसते. २ ते २९ जून २०२५ आणि ३ ते ३० जून २०२४, दोन्हीकडे पूर्ण चार आठवडे. वार जुळले, पण ईद जुळली नाही. फोर्टसाठी पहिल्या तुकड्यात कामाचे २० दिवस आणि तीन शनिवार, दुसऱ्यात १९ दिवस आणि चार शनिवार. म्हणजे सुट्टीची दुरुस्ती उरतेच. शिवाय हीच तुलना साखळीने अनेक वर्षं मागे नेली तर दर वर्षी एक-दोन दिवसांचा फरक साचत गेल्याने पाच-सहा वर्षांत पूर्ण आठवडा सरकतो, आणि तेव्हा महिन्याच्या पगाराचा पहिला आठवडा चुकीच्या आठवड्यासमोर येऊ लागतो.

सण महिनाच बदलतो तेव्हा

आतापर्यंतची पद्धत वार आणि एक-दोन सुट्ट्यांसाठी आहे. गणपती-दिवाळीवर ती लावू नका. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. त्यामुळे ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली ‘वाढ’ आणि सप्टेंबरमधली ‘घट’ हा सगळा सणाचा खेळ असू शकतो. ऑगस्ट आणि सप्टेंबर एकत्र करूनही भागत नाही, कारण घटस्थापना २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला होती. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरवरून २१ ऑक्टोबरला आलं. ऑगस्ट ते नोव्हेंबर हे चार महिने एकत्र घेतले तरच दोन्ही बाजूंना सगळे सण येतात. आतली तुलना हवी असेल तर तारखा सोडून तिथीवर या : चतुर्थीच्या आधीचे दहा दिवस विरुद्ध गेल्या वर्षीच्या चतुर्थीच्या आधीचे दहा दिवस, आणि त्यातही किती शनिवार-रविवार आहेत ते मोजून.

मोठमोठे आकडेही यातून सुटत नाहीत. ऑक्टोबर २०२५ च्या औद्योगिक उत्पादनाची वाढ आधी ०.४ टक्के जाहीर झाली, तेव्हा दसरा, दिवाळी आणि छठमुळे कामाचे दिवस कमी पडल्याचं कारण सांख्यिकी मंत्रालयानेच दिलं होतं.

जे दुरुस्त करायचं नाही

एकदा हात बसला की प्रत्येक फरकाला दुरुस्ती लावण्याचा मोह होतो. २०२४ मध्ये मुंबईत मान्सून ९ जूनला आला. २०२५ मध्ये २६ मे रोजीच, नोंदीतला सर्वांत लवकर. त्यामुळे जून २०२५ च्या पहिल्या आठवड्याची गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी तुलना म्हणजे पावसाळ्याची उन्हाळ्याशी तुलना झाली. तसंच रविवारच्या मेगाब्लॉकचं. दादरला उतरणारी गर्दी त्यावर हलते. पण पावसाला किंवा ब्लॉकला वजन देऊ नका. वार आणि सुट्ट्या आधी ठाऊक असतात आणि निर्विवाद मोजता येतात, म्हणून त्यांचा परिणाम काढून टाकणं योग्य. पावसाने किती गिऱ्हाईक अडवलं हा अंदाज झाला, आणि अंदाजाने दुरुस्त केलेल्या आकड्यातून हवं ते उत्तर काढता येतं. रोजच्या नोंदीत शेरा लिहा : ‘सकाळपासून मुसळधार, हार्बर बंद’. अहवालात तो शेरा आकड्याशेजारी राहू दे, आकड्यात मिसळू नका.

अहवालातही मूळ टक्का आणि दुरुस्त टक्का दोन्ही छापा आणि खाली दिवसांची मोजणी द्या. सीएकडे जाणारा, जीएसटीच्या विवरणात भरलेला आकडा मूळच असतो. दुरुस्त आकडा एकटाच दिला तर महिन्याभराने कोणाला तरी दोन्ही जुळत नाहीत असं आढळतं आणि मग सगळ्याच हिशोबावरचा विश्वास उडतो.

पुढच्या जूनचं टार्गेट

हीच वजनं पुढे पाहायलाही वापरा. जून २०२६ सोमवारी सुरू होतो, त्यामुळे सोमवार आणि मंगळवार पाच-पाच, शनिवार आणि रविवार चार-चार. बकरी ईद मेमध्येच येते, आणि मोहरमची सुट्टी २६ जूनला, शुक्रवारी धरलेली आहे. फोर्टसाठी कामाचे २१ दिवस आणि चार शनिवार, म्हणजे वजन २२.६, जून २०२५ च्या २२.२ पेक्षा १.८ टक्के जास्त. दादरसाठी कामाचे २१, शनिवार चार, रविवार चार आणि सुट्टी एक, म्हणजे ३७.५, आधीच्या ३८ पेक्षा १.३ टक्के कमी. मालकाने दोन्ही शाखांना सरसकट ५ टक्के वाढीचं टार्गेट दिलं, तर फोर्टच्या मॅनेजरला प्रत्यक्षात ३.१ टक्के वाढवायचे आहेत आणि दादरच्याला ६.४. बोनस त्यावर ठरणार असेल तर टार्गेटच्या कागदावर हे दोन आकडे आधीच लिहिलेले असावेत, आणि चंद्रदर्शनाने सुट्टीची तारीख हलली तर तेही त्याच कागदावर दुरुस्त करावं.